क्लेमच्या रकमेबाबत हरकत: रूमचे दिवस 5, आपण धरले 3

दिनांक : 21 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

विषय : आईच्या मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनचा क्लेम (पॉलिसी क्रमांकाचे शेवटचे चार अंक 4417). मंजूर रक्कम ₹96,739, माझ्या हिशेबाने देय रक्कम ₹1,80,040.

महोदय / महोदया,

आपले 11 जुलैचे मंजुरीपत्र मिळाले. 2,05,400 रुपयांच्या बिलातून निम्म्याहून अधिक रक्कम कापलेली पाहून आधी वाटले, रूमची मर्यादा ओलांडली त्याची ही शिक्षा असावी. मर्यादा ओलांडली हे खरेच आहे आणि ते मी लपवत नाही. पण पत्रासोबतचा हिशेबाचा तक्ता आणि मूळ बिल शेजारी ठेवून एकेक ओळ पुन्हा मांडली, तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या चुका सापडल्या. एक बिल वाचण्यातली, दुसरी पॉलिसीची अट लावण्यातली.

आधी वाचण्यातली. आपल्या तक्त्यात रूमचे दिवस 3 आणि रोजचा दर ₹8,333.33 लिहिला आहे. कुठल्याही हॉस्पिटलच्या दरपत्रकात रूमचा दर तेहतीस पैशांत संपत नाही, त्यामुळे शंका आली. बिलावर रूम भाडे ₹22,500 आणि नर्सिंग ₹2,500 आहे, म्हणजे दोन्ही मिळून ₹25,000. त्याला 3 ने भागले की बरोबर 8,333.33 येतात. मूळ कागदावर मात्र दिवसांच्या रकान्यात 5 आहेत. मी ऍपवर पाठवलेल्या फोटोत बिलाची घडी नेमकी त्या रकान्यावरून गेली आहे आणि तिच्या सावलीत 5 चा आकडा 3 सारखा दिसतो. फोटो मी काढला, तेवढा दोष माझा. पण त्याच ओळीत दर ₹4,500 स्पष्ट वाचता येतो आणि 4,500 गुणिले 3 म्हणजे 13,500 होतात, 22,500 नाही. आपल्याच पत्राच्या पहिल्या परिच्छेदात 9 ते 15 जून असे सहा दिवसांचे वास्तव्य नोंदले आहे. आयसीयूचा एक दिवस वजा केला की रूमचे पाच उरतात. आपले 3 धरले तर आई उरलेले दोन दिवस कुठे होती, हा प्रश्न पडतो.

या एका आकड्याने पुढचे सगळे बिघडले. विमा रक्कम ₹4,00,000, रूमची मर्यादा तिच्या 1 टक्का, म्हणजे रोज ₹4,000. रूम त्याहून महाग घेतली की इतर काही खर्चही मर्यादा भागिले प्रत्यक्ष दर एवढ्या प्रमाणातच मिळतात. पॉलिसीत रूम भाड्यात नर्सिंगही धरतात. (पहिल्या हिशेबात मी नर्सिंग सोडून दिले होते आणि प्रमाण माझ्या बाजूने जरा बरे येत होते. पॉलिसीतली व्याख्या वाचून ते दुरुस्त केले.) म्हणून खरा रोजचा दर 4,500 अधिक 500, एकूण ₹5,000. प्रमाण 4,000 भागिले 5,000, म्हणजे 80 टक्के. आपण 4,000 ला 8,333.33 ने भागून 48 टक्के धरले.

आता दुसरी चूक. हे 48 टक्के आपण वगळलेल्या वस्तू आणि रूम सोडून बिलातल्या प्रत्येक ओळीला लावले आहेत: सर्जनच्या फीला, आयसीयूला, हाडात बसवलेल्या इम्प्लांटला, औषधांना, अगदी एक्स-रेलासुद्धा. पॉलिसीतील प्रपोर्शनेट डिडक्शनचे कलम फक्त ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ना लागू होते. त्याच व्याख्येत औषधे व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि तपासण्या वगळल्या आहेत, आणि आयसीयूच्या खर्चाला ही कपात लावू नये असेही म्हटले आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्ये आरोग्य विम्याच्या अटींचे प्रमाणीकरण करताना हीच मांडणी ठरवून दिली होती. कारणही सरळ आहे. मोठी रूम घेतली म्हणून सर्जनची फी वाढू शकते, पण इम्प्लांट सिंगल रूममध्येही तोच आणि जनरल वॉर्डातही तोच.

रूमच्या वर्गानुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलात ही कपात करता येत नाही, हा मुद्दा मी मांडत नाही. या हॉस्पिटलच्या दरपत्रकात रूमप्रमाणे फी बदलते, ते मी पाहिले आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी यांवर 80 टक्के लावा, माझी हरकत नाही.

बिलाप्रमाणे माझी मांडणी अशी:

रूम व नर्सिंग ₹25,000, देय 5 × 4,000 = ₹20,000
आयसीयू एक दिवस ₹7,500 (मर्यादा 2 टक्के, ₹8,000), देय पूर्ण ₹7,500
सर्जन 45,000, भूलतज्ज्ञ 13,500, थिएटर 18,000, डॉक्टरांच्या भेटी 6,000, एकूण ₹82,500, देय 80 टक्के = ₹66,000
इम्प्लांट, देय पूर्ण ₹48,000
औषधे, देय पूर्ण ₹27,340
रक्ततपासण्या व एक्स-रे, देय पूर्ण ₹11,200
नोंदणी, फाइल, हातमोजे इत्यादी ₹3,860, देय शून्य

देय एकूण ₹1,80,040. शेवटच्या ओळीतले ₹3,860 आपण कापले ते योग्यच आहे. ते धरून ₹25,360 मी स्वतः सोसतो.

फरक ₹83,301 आहे. त्यातले ₹64,493 निव्वळ 5 चे 3 झाल्यामुळे गेले. दिवस दुरुस्त करूनही आपण सगळ्या बिलाला 80 टक्के लावले, तर ₹1,61,232 येतात आणि तरीही ₹18,808 कमी पडतात. हे मुद्दाम वेगळे लिहितो, कारण पहिली चूक दुरुस्त करून दुसरी तशीच ठेवण्याचा मोह होऊ शकतो. फोनवर बोललेल्या आपल्या प्रतिनिधींनी ‘सिस्टिम आपोआप कापते’ एवढेच सांगितले. सिस्टिमला 3 कोणीतरी भरून दिले आणि इम्प्लांटची ओळ कपातीच्या गटात कोणीतरी टाकली, म्हणून ती कापते.

सोबत मूळ बिलाची सपाट ठेवून काढलेली स्कॅन प्रत, हॉस्पिटलच्या शिक्क्याची दिवसवार रूम नोंद, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचे स्टिकर व बिल आणि आपल्या तक्त्याची प्रत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत, पाहायचे असल्यास घेऊन येईन. मंजूर ₹96,739 खात्यात आले तर ती अंशतः रक्कम म्हणून स्वीकारीन. पूर्ण समाधानाच्या पावतीवर मात्र सही करणार नाही.

उरलेले ₹83,301 विलंबाच्या व्याजासह द्यावेत. माझी एखादी ओळ नामंजूर असेल, तर कोणत्या कलमाने आणि कोणत्या गुणाकाराने ते त्या ओळीसमोर लिहून कळवावे. ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढे उत्तर पुरणार नाही. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते पटण्यासारखे नसल्यास मी विमा लोकपालांकडे अर्ज करीन. ही तक्रार आजच बिमा भरोसा पोर्टलवरही नोंदवली आहे.

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक (रुग्णाचा मुलगा)
नाव, पत्ता व मोबाइल पॉलिसीत नोंदल्याप्रमाणे

ता. क. यापुढे फोटोवरून आकडा वाचता आला नाही तर अंदाज न करता एक फोन करावा. बिल घरातच होते, पाच मिनिटांत दुसरा फोटो पाठवला असता.