पाऊल ठेवण्याआधी

समुद्रवसने देवि पर्वतस्तनमण्डले ।
विष्णुपत्नि नमस्तुभ्यं पादस्पर्शं क्षमस्व मे ॥

सकाळी जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागणारा हा श्लोक सोसायटीच्या भजनी मंडळासाठी मराठीत बांधला आहे. छंद मोठ्या अभंगाचा, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरे। टाळाच्या ठेक्यावर सहज बसतो. ‘पर्वतस्तनमण्डले’पाशी मी आठवडाभर अडलो. शब्द गाळायचा नव्हता, कारण त्यातच तिचे आईपण आहे. शेवटी आईचे दूध धरले आणि ओळ आपोआप आली.

सागराचे वस्त्र । नेसलीस आई ।
डोंगरांच्या ठायी । दूध तुझे ॥१॥

विष्णूची तू राणी । तुला नमस्कार ।
पावलांचा भार । क्षमा कर ॥धृ॥

नवव्या मजली । राहतो मी जरी ।
तूच तळी खरी । आधाराला ॥२॥

बीज तुझ्या पोटी । निवांत निजते ।
तुझ्याने रुजते । सारे काही ॥३॥

खणले, तोडले । रुसली तू नाही ।
धान्य देत राही । हात तुझा ॥४॥

पाय टेकण्याच्या । आधी टेको हात ।
गुंतो त्या क्षणात । जीव माझा ॥५॥

बायकांनी ‘राहते मी’ म्हणावे, अक्षरे तेवढीच राहतात. दुसरे ते पाचवे कडवे मूळ श्लोकात नाही; ती माझी भर. धृपद मात्र अर्थाने श्लोकाचेच आहे. ‘क्षमा कर’वर टाळ थांबवा. तिथे फक्त आवाज हवा, हळू, अंथरुणावरून उठताना आजी पुटपुटायची तसा.