फॅटपोटी होणारी दरकपात तपासून मिळण्याबाबत अर्ज

दि. 5 डिसेंबर 2025

प्रति,
मा. चेअरमन व संचालक मंडळ,
सहकारी दूध उत्पादक संस्था, ता. करमाळा, जि. सोलापूर

विषय : नोव्हेंबरच्या पगारातील फॅटची कपात फेरतपासण्याबाबत.

महोदय,

मी 2009 पासून संस्थेची सभासद आहे. माझ्याकडे चार संकरित गायी असून रोज सरासरी 38 लिटर दूध घालते. दिवाळीपर्यंत फॅट 3.6 ते 3.8 लागत होती. केंद्रावरचे मशीन दुरुस्त होऊन आले तेव्हापासून ती 3.1 च्या वर गेलेली नाही. 3.5 च्या खाली पॉइंटला 30 पैसे, म्हणजे लिटरमागे 1 रुपया 20 पैसे कापले जातात. 1140 लिटरवर महिन्यात 1368 रुपये गेले. माझ्या घरी एवढ्यात सरकी पेंडीचे पोते येते.

गोठ्यात काहीच बदललेले नाही. तीच मुरघास, तोच कडबा, तीच पेंड. नवी व्यालेली गायही नाही. शिवाय थंडीत फॅट चढते, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे. पाणी घातले असते तर फॅटबरोबर एसएनएफही उतरला असता. माझ्या पावत्यांवर एसएनएफ पूर्वीसारखाच 8.5 आहे, पडली ती फक्त फॅट. मी धारा पहाटे पाच आणि दुपारी चारला काढते. दुपारच्या दुधाला सकाळपेक्षा दोन-तीन पॉइंट नेहमी जास्त यायचे, आता दोन्ही वेळच्या पावतीवर 3.1 च दिसते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. रांगेत कॅन वीस-पंचवीस मिनिटे उभा राहतो, साय वर येते आणि दूध न ढवळताच खालच्या दुधाचा नमुना घेतात. 28 नोव्हेंबरला मी त्याच कॅनचे दूध नीट ढवळून दुसऱ्या केंद्रावर गर्बर पद्धतीने तपासून घेतले. तिथे 3.6 आली, आपल्या पावतीवर 3.1 होती. दोन्ही पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. आमच्या वस्तीवरच्या आणखी चार घरांची हीच तक्रार आहे.

केंद्रावरच्या मुलावर माझा आरोप नाही, सकाळी त्याच्यावर गर्दीचा भार असतो. पण मशीनचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले ते कळावे. सलग तीन दिवस, दोन्ही वेळेला, आम्हा पाच जणांचे दूध ढवळून मशीनवर आणि गर्बरवर आमच्यासमोर तपासावे. मशीनमध्ये फरक निघाला तर ते दुरुस्त होऊन आल्या दिवसापासूनची कपात पुढच्या पगारात परत मिळावी. गर्बरवरही 3.1 आली तर मी कपात मान्य करीन आणि गायींचा खुराक बदलून बघेन.

20 डिसेंबरच्या पगाराआधी तपासणी व्हावी, ही नम्र विनंती. कळवाल त्या दिवशी पहाटे आम्ही पाचही जण हजर राहू.

आपली विश्वासू,
सुनंदा शिंदे
सभासद क्र. 214

सोबत : नोव्हेंबरच्या पगाराची प्रत, 28 नोव्हेंबरच्या दोन पावत्या, चार सभासदांच्या सह्या