फीडबॅक लूप: उजळणीच्या नोट्स (बी.एस्सी. नर्सिंग, पहिलं सेमिस्टर, शरीरक्रियाशास्त्र)

शनिवारच्या अंतर्गत परीक्षेसाठी या नोट्स आहेत. उद्दीपक, रिसेप्टर, नियंत्रण केंद्र आणि इफेक्टर हे चार शब्द तुम्हाला पाठ आहेत, आकृतीही येते. मार्क जातात ते वेगळ्याच ठिकाणी. उद्दीपकाच्या चौकटीत नुसतं 'रक्तदाब' लिहिलेलं असतं. रक्तदाब हे उद्दीपक नाही. रक्तदाब घसरला किंवा चढला, हे उद्दीपक. शरीर काय मोजतंय आणि ते कुठल्या बाजूला सरकलंय, दोन्ही लिहा. शेवटचा बाण परत पहिल्या चौकटीपाशी आणा आणि त्यावर 'उणे' की 'अधिक' ते टाका. उणे म्हणजे बदल मागे फिरवणारा, अधिक म्हणजे आणखी वाढवणारा.

रक्ताभिसरण: रक्तदाब

उद्दीपक: उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणे. रिसेप्टर: कॅरोटिड सायनस आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर. नियंत्रण केंद्र: मेड्युला. इफेक्टर: हृदय, धमनिका, शिरा. (उणे)

हा लूप नीट समजला की बाकीचे निम्मे सोपे जातात, म्हणून इथे थोडं थांबू. तीन दिवस पलंगावर असलेल्या रुग्णाला तुम्ही उभं केलंत की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारंही कमी, म्हणून दाब कमी. बॅरोरिसेप्टर दाब मोजत नाहीत, रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण मोजतात. ताण कमी झाला की ते 'चालू' होत नाहीत, उलट त्यांचे संदेश कमी होतात. हे संदेश नवव्या आणि दहाव्या मेंदूनसेतून मेड्युलाकडे जातात. ते कमी झाले की मेड्युला व्हेगसचा लगाम सैल करते आणि सिम्पथेटिकचा जोर वाढवते. ठोके वाढतात, धमनिका आकसतात, शिरा आवळून रक्त वर ढकलतात. हे सगळं काही सेकंदांत होतं.

लूप तुटला तर? मधुमेहात स्वायत्त नसा खराब झाल्या की दाब घसरलेला कळतो, हुकूमही सुटतो, पण धमनिकांपर्यंत पोहोचत नाही. रुग्णाला उभं राहिल्यावर अंधारी येते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर त्याची नोंद करून सिस्टरांना सांगायचं. म्हणूनच आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, मग उभं करा.

दाब कायमच चढा राहिला, तर बॅरोरिसेप्टर काही दिवसांत त्या नव्या पातळीलाच सरावतात. त्यामुळे दीर्घकाळचा रक्तदाब त्यांच्या भरवशावर नसतो, मूत्रपिंडाच्या भरवशावर असतो.

मूत्रपिंड: दोन लूप, एकत्र करू नका

पहिला क्षाराचा आणि आकारमानाचा. उद्दीपक: मूत्रपिंडात शिरणाऱ्या रक्ताचा दाब कमी होणे. रिसेप्टर आणि नियंत्रण केंद्र इथे जवळजवळ एकाच जागी: ग्लोमेरुलसजवळच्या जक्स्टाग्लोमेरुलर पेशी दाब ओळखतात आणि रेनिनही त्याच सोडतात. रेनिन यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन १ करतं, मुख्यतः फुफ्फुसातल्या एसीईमुळे त्याचं अँजिओटेन्सिन २ होतं. इफेक्टर: आकसणाऱ्या धमनिका, आणि अल्डोस्टेरॉनच्या हुकमावर सोडियम राखणारी मूत्रनलिका. एनालाप्रिलसारखी गोळी ही साखळी नेमकी एसीईपाशी तोडते.

दुसरा पाण्याचा. उद्दीपक: रक्ताची ऑस्मोलॅलिटी वाढणे (नेहमीची 285 ते 295). रिसेप्टर: हायपोथॅलॅमसमधले ऑस्मोरिसेप्टर. नियंत्रण केंद्र: हायपोथॅलॅमसच, एडीएच तिथे बनतं, पश्च पीयूषिकेतून सुटतं. 'पीयूषिकेत बनतं' लिहिलंत तर अर्धा मार्क गेला. इफेक्टर: मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिका, त्यांच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिनचे दरवाजे बसतात आणि पाणी परत आत येतं. तहान हा याच लूपचा दुसरा हात, आणि तो विसरला जातो. बेशुद्ध रुग्णाला किंवा तान्ह्या बाळाला पाणी मागता येत नाही, म्हणून त्यांचा हा हात निकामी असतो. इनटेक-आउटपुट चार्ट नीट भरायचा तो यासाठी.

श्वसन

उद्दीपक: धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढणे (40 मिमी पाऱ्याच्या वर). रिसेप्टर: मेड्युलाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळचे केंद्रीय केमोरिसेप्टर, कॅरोटिड आणि महाधमनी बॉडी मदतीला. नियंत्रण केंद्र: मेड्युला आणि पॉन्समधलं श्वसनकेंद्र. इफेक्टर: श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू. (उणे)

केंद्रीय केमोरिसेप्टर थेट वायू ओळखत नाहीत. कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतालच्या द्रवात शिरतो, तिथे आम्ल तयार होतं, आणि ते हायड्रोजन आयन त्यांना कळतात. ऑक्सिजनचं काम कॅरोटिड बॉडीकडे, पण ती खरी जागी होते ऑक्सिजनचा दाब 60 मिमीच्या खाली गेल्यावर. निरोगी माणसाचा पुढचा श्वास ठरवतो तो कार्बन डायऑक्साइड. सीओपीडीच्या ज्या रुग्णांमध्ये तो वाढण्याचा धोका आहे, त्यांना ऑक्सिजन 88 ते 92 टक्के सॅच्युरेशन धरून देतात. मास्क लावला, फ्लो वाढवला आणि निघून गेलं, असं तिथे चालत नाही.

तापमान

उद्दीपक: शरीराच्या आतलं तापमान 37 अंशांच्या वर जाणे. रिसेप्टर: त्वचेतले आणि हायपोथॅलॅमसमधले उष्णता ओळखणारे रिसेप्टर. नियंत्रण केंद्र: हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग. इफेक्टर: घामाच्या ग्रंथी, त्वचेतल्या रक्तवाहिन्या. थंडीत इफेक्टर बदलतात: वाहिन्या आकसतात, स्नायू थरथरतात. (उणे)

ताप आणि उष्माघात यांतला फरक या लूपवरच कळतो, आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. तापात प्रोस्टाग्लँडिनमुळे हायपोथॅलॅमसचं ठरलेलं तापमानच वर सरकतं. समजा ते 39 झालं, 37.5 वर असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने तो 'थंड' आहे, म्हणून हुडहुडी भरते, तो दोन घोंगड्या मागतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, पातळी खाली येते, मग घाम फुटतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हात काम करताना कोसळलेल्या मजुराचं तसं नसतं. त्याचं ठरलेलं तापमान 37 च आहे, इफेक्टर कमी पडलेत. आतलं तापमान 40 च्या वर, बरळणं, शुद्ध हरपणं. इथे पॅरासिटामॉलने काही साधत नाही. कपडे काढा, अंगावर गार पाणी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. घाम कोरडा पडलेलाच असेल असं धरून चालू नका. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग ओलंही असतं.

अंतःस्रावी ग्रंथी

साखर. उद्दीपक: जेवणानंतर रक्तातली साखर वाढणे. रिसेप्टर व नियंत्रण केंद्र: स्वादुपिंडाच्या बीटा पेशी, दोन्ही कामं त्यांचीच. इफेक्टर: यकृत, स्नायू, चरबी. उलट दिशेला, साखर उतरली की अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत ग्लायकोजन फोडतं. साखर साधारण 70 च्या खाली गेली की अ‍ॅड्रेनलिनही उतरतं. छातीत धडधड, हातांना कंप, घाम ही त्याचीच लक्षणं. रुग्ण बीटा-ब्लॉकर घेत असेल तर धडधड आणि कंप झाकले जातात, घाम मात्र राहतो. त्यामुळे घामाघूम मधुमेही दिसला की आधी ग्लुकोमीटर.

टाइप १ मध्ये नियंत्रण केंद्रच नष्ट होतं. टाइप २ ची सुरुवात बहुतेकदा इफेक्टर ऐकेनासे होण्याने होते. हे एक वाक्य उत्तरात आलं तर परीक्षक खूश.

कॅल्शियम. उद्दीपक: रक्तातलं कॅल्शियम कमी होणे. रिसेप्टर, नियंत्रण केंद्र: पॅराथायरॉइड. इफेक्टर: हाडं आणि मूत्रपिंड थेट, आतडं मात्र मूत्रपिंडाने सक्रिय केलेल्या ड जीवनसत्त्वामार्फत. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा बीपीचा कफ फुगवल्यावर हात आकडला तर लगेच कळवा.

थायरॉइड. हायपोथॅलॅमस टीआरएच, पीयूषिका टीएसएच, थायरॉइड टी३-टी४. आणि टी३-टी४ वरच्या दोघांना आवरतात. म्हणून थायरॉइड मंदावलं की टीएसएच वाढलेलं दिसतं. कॉर्टिसॉलचा लूप याच धर्तीवर. महिनोन्महिने स्टिरॉइड घेणाऱ्याच्या पीयूषिकेतून एसीटीएच सुटणं दबतं, म्हणून गोळी एकदम बंद करायची नसते.

रक्त

उद्दीपक: ऊतींना ऑक्सिजन कमी पडणे. रिसेप्टर: मूत्रपिंडातल्या पेशी, एरिथ्रोपोएटिनही त्यांचंच. इफेक्टर: लाल अस्थिमज्जा. हा संथ लूप आहे, परिणाम दिसायला दिवस लागतात. डायलिसिसच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन का, हे आता सांगायला नको.

पचन, स्नायू, डोळा: थोडक्यात

जठरातलं आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतं (उद्दीपक), तिथल्या एस पेशी ते ओळखून सिक्रिटिन सोडतात, स्वादुपिंड बायकार्बोनेट ओतून आम्ल मारतं. सिक्रिटिन 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिलं.

गुडघ्याचा झटका: मांडीचा स्नायू ताणला जाणे, स्नायूतले स्पिंडल, मज्जारज्जू (कमरेचा भाग), तोच क्वाड्रिसेप्स. मेंदूला विचारायची गरज नाही.

बाहुली: उजेड वाढणे, डोळ्याचा पडदा, मध्यमेंदू, बाहुली आवळणारा स्नायू. आत येणारा उजेड घटतो, म्हणून हाही उणेच. एका डोळ्यावर टॉर्च मारला की दोन्ही बाहुल्या लहान व्हायला हव्यात. दुसरी बाहुलीही बघा.

प्रजनन: इथे 'अधिक'

प्रसूती. उद्दीपक: बाळाच्या डोक्याने गर्भाशयमुख ताणलं जाणे. रिसेप्टर: गर्भाशयमुखातले ताण-रिसेप्टर. नियंत्रण केंद्र: हायपोथॅलॅमस, ऑक्सिटोसिन पश्च पीयूषिकेतून. इफेक्टर: गर्भाशयाचा स्नायू. कळ आली, डोकं आणखी खाली, ताण आणखी, ऑक्सिटोसिन आणखी. उणे लूप बदल शमवून थांबतो. हा थांबतो उद्दीपकच निघून गेल्यावर, म्हणजे बाळ बाहेर आल्यावर.

अंगावर पाजताना बाळ चोखतं, ऑक्सिटोसिन सुटतं, दूध उतरतं, बाळ आणखी चोखतं. तेच ऑक्सिटोसिन गर्भाशयही आकसवतं, म्हणून पहिल्या तासात बाळ छातीशी द्यायचं.

पाळीच्या चक्रात एकच हार्मोन दोन्ही खेळ खेळतं. एस्ट्रोजेन बहुतेक दिवस पीयूषिकेला आवरतं, पण मध्यावर त्याची पातळी दोनेक दिवस चढी राहिली की उलटं ढकलतं, एलएच उसळतं आणि बीजांड सुटतं.

सरावासाठी

चारही चौकटी भरा, बाण काढा, आणि लूप कुठे तुटलाय ते एका ओळीत लिहा.

1. जुलाबाने गळून गेलेलं आठ महिन्यांचं बाळ, लघवी सहा तासांत नाही.
2. डोक्याला मार लागलेला रुग्ण, दिवसाला आठ लिटर पातळ लघवी, सारखं पाणी मागतो.
3. भीतीने भराभर श्वास घेणारी मुलगी, बोटं आकडलेली. रक्तातलं एकूण कॅल्शियम मात्र नॉर्मल.

तिसऱ्यात दोन लूप एकमेकांत गुंतलेत. आधी श्वसनाचा सोडवा. वह्या शुक्रवारी दुपारपर्यंत टेबलावर ठेवा.