आदेशापूर्वी समक्ष सुनावणी मिळण्याबाबत विनंती अर्ज

दि. १३/०६/२०२५

प्रति,
मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी

अर्जदार : भिकाजी रामचंद्र शेलार, वय ६१, धंदा शेती, रा. मौजे पिंपळगाव

विषय : गट नं. २१४ मधील विहिरीच्या हिश्शाची नोंद कमी करण्याच्या प्रकरणात लेखी म्हणण्याऐवजी समक्ष सुनावणी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. ०९/०६/२०२५, मला मिळाली दि. ११/०६/२०२५.

महोदय,

सातबाऱ्यावर इतर हक्कात माझ्या नावे असलेला विहिरीचा चार आणे हिस्सा ही लेखनप्रमादाची चूक असून ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त करण्याचे प्रस्तावित आहे, सात दिवसांत लेखी म्हणणे द्यावे, असे नोटिशीत आहे. मला समोर बोलावून ऐकावे, अशी विनंती आहे.

कारण सांगतो. माझा सगळा आधार १९४८ सालच्या वाटणीपत्रावर आहे. ते मोडीत आहे आणि घडीवर विरले आहे. त्यात चार आणे हे जुन्या रीतीने, पावाच्या एका उभ्या रेघेने लिहिले आहेत, आणि नेमकी त्याच रेघेशेजारून घडी गेली आहे. झेरॉक्समध्ये घडीचीही काळी रेघ उमटते. मग दोन रेघा दिसतात, म्हणजे आठ आणे वाचले जातात, आणि कागद खोटा वाटतो. मूळ कागद उजेडाकडे धरला की शाई कोणती नि घडी कोणती ते लगेच कळते. हे मी कितीही पाने लिहून दाखवू शकत नाही. मूळ कागद टपालाने पाठवायची माझी हिंमत नाही. तो एकच आहे.

दुसरे असे की ही चूक मला मान्य नाही. तपासणीत आढळलेली चूकसुद्धा हितसंबंधितांना नोटीस देऊन, हरकतींचा वादग्रस्त नोंदीच्या रीतीने निकाल लागल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही, असे कलम १५५ चे परंतुकच सांगते. या विहिरीवर माझा सव्वादोन एकर कांदा भिजतो. पाळी गेली तर रब्बी गेली.

तरी सामनेवाल्यांच्या समक्ष सुनावणीची तारीख नेमून ती किमान पंधरा दिवस आधी कळवावी. मी मूळ वाटणीपत्र, मोडी वाचणारे जाणकार आणि पाण्याच्या पाळ्या लहानपणापासून पाहिलेले गावातील दोन वृद्ध यांना घेऊन हजर राहीन. आपण विचाराल त्याची उत्तरे देईन. जबाब रोजनाम्यावर घ्यावेत. सामनेवाल्यांच्या अर्जाची व त्यासोबतच्या कागदांची नक्कल मला मिळालेली नाही, ती तारखेआधी द्यावी; नक्कल फी भरण्यास तयार आहे. तोवर नोंद आहे तशी ठेवावी.

नोटिशीची मुदत संपण्याआधीच हा अर्ज देत आहे. मी लेखी म्हणणे दिले नाही म्हणून मला काही सांगायचे नाही, असे कृपया धरू नये. सुनावणीनंतर टिपण हवे असल्यास आठ दिवसांत देईन.

कळावे,

आपला विश्वासू,
भिकाजी रामचंद्र शेलार

सोबत : नोटिशीची प्रत, चालू सातबारा उतारा, वाटणीपत्राची झेरॉक्स (फक्त ओळखीसाठी)