खराब भाजीबद्दल तक्रार आणि पूर्ण परताव्याची मागणी

दिनांक : १५ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑर्डर क्रमांक ४०७१८८६२ मधील पाच भाज्या खराब निघाल्याबाबत. फोटो जोडले आहेत. पैसे मूळ खात्यात परत मिळावेत.

संदर्भ : ॲपच्या चॅटवर १४ जून रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी केलेली तक्रार

महोदय,

शनिवारी, १४ जूनला सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी वरील ऑर्डर माझ्या घरी पोहोचली. त्यात भाज्यांचे सात प्रकार होते. कांदे आणि बटाटे चांगले आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणे नाही. उरलेले पाच, म्हणजे पालक, कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर आणि काकडी, खाण्याच्या लायकीचे नव्हते. पिशवी उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत मी चॅटवर फोटोंसह तक्रार नोंदवली. तुमच्या परतावा धोरणात भाजीपाल्यासाठी २४ तासांची मुदत दिली आहे, तेव्हा मुदतीचा प्रश्न येत नाही.

चॅटवर तुमच्या प्रतिनिधीने तीन गोष्टी सांगितल्या. भाजी नैसर्गिक वस्तू असल्यामुळे थोडाफार फरक राहतोच. माल घेतानाच तपासून घ्यायला हवा होता. आणि ‘सद्भावना म्हणून’ एक कूपन खात्यात जमा केले आहे, ते पुढच्या ऑर्डरवर वापरता येईल. त्यानंतर मला न विचारताच तक्रार ‘निकाली’ अशी बंद करण्यात आली. मला यातले काहीही मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी भाजीबद्दल. अर्धा किलो पालक बंद प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीच्या तळाशी पाणी साचले होते. वरची पाने पिवळी, मधली काळपट आणि तळाची इतकी बुळबुळीत की देठाला धरून उचलताच देठ हातात आणि पान पिशवीत. पालेभाजी नुसती कोमेजलेली असती तर मी तक्रार केली नसती. गार पाण्यात तासभर ठेवली की ती पुन्हा तरारते, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही आणि सडलेले तर नाहीच. निवडल्यावर वापरण्याजोगा पालक काट्यावर भरला १२० ग्रॅम. काट्याचा आकडा फोटोत स्पष्ट दिसतो.

त्याच पिशवीवरच्या लेबलावर पॅकिंगची तारीख छापली आहे : ११ जून. ॲपवर मात्र ऑर्डर देताना या पालकाच्या चित्राखाली ‘आज सकाळी तोडलेली’ असे लिहिले होते. ११ तारखेला पॅक केलेली भाजी १४ तारखेच्या सकाळी कशी तोडली जाते, एवढेच तुम्ही मला लेखी कळवावे. लेबल आणि ॲपचा स्क्रीनशॉट, दोन्ही सोबत आहेत.

कोथिंबिरीची जुडी रबराने इतकी घट्ट बांधली होती की रबराखालचे देठ पार चेचून काळे झाले होते. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही, फोटो पुरेसा आहे.

टोमॅटो एक किलो, एकूण अकरा नग. त्यांपैकी सात चेपलेले. हे टोमॅटो आणि दोन किलो बटाटे एकाच कागदी पिशवीत, बटाटे वर आणि टोमॅटो खाली, असे भरले होते. ज्याने कधी एकदा तरी भाजीची पिशवी हातात घेतली आहे तो असे करणार नाही. तरीही सगळे खापर मी पॅकिंगवर फोडत नाही, कारण चेपलेल्यांपैकी तीन टोमॅटोंच्या देठापाशी साल तडकलेली आहे आणि त्या फटीत पांढरी बुरशी आहे. सकाळच्या प्रवासात टोमॅटो चेपू शकतो, फुटूही शकतो. त्याच्यावर बुरशी काही तासांत उगवत नाही. तो माल तुमच्या गोदामातच तडकलेला पडून होता आणि तसाच भरला गेला.

फ्लॉवरचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटले आणि रागही आला. गड्डा वरून पांढराशुभ्र दिसत होता. उजेडात धरल्यावर लक्षात आले की वरचा थर जागोजागी सुरीने खरवडला आहे. फुलांचे बारीक कण निघून तिथे सपाट, किंचित पिवळसर चट्टे उरले आहेत आणि दोन चट्ट्यांच्या मधल्या खाचेत, जिथे सुरी पोहोचली नाही, तिथे तपकिरी-काळे डाग तसेच आहेत. म्हणजे डाग कोणाच्या तरी नजरेला पडले होते. ते पाहून गड्डा बाजूला काढण्याऐवजी डाग खरवडले आणि गड्डा माझ्या पिशवीत टाकला. याला ‘नैसर्गिक फरक’ म्हणता येत नाही. चौथा आणि पाचवा फोटो कृपया मोठा करून पाहावा. मी मुद्दाम जवळून आणि बाजूच्या उजेडात काढले आहेत.

काकडीच्या सालीवर पाणचट खड्डे आहेत आणि टोके मऊ पडली आहेत. काकडी फार थंड जागी काही दिवस राहिली की तिच्यावर असे खड्डे पडतात आणि बाहेर काढल्यावर ती झपाट्याने खराब होते. पालेभाजीला जी थंडी मानवते ती काकडीला आणि टोमॅटोला मानवत नाही. तुमच्या शीतगृहात सगळा माल एकाच तापमानाला ठेवला जातो का, हे तुम्हीच तपासा. मी फक्त हातात आलेल्या काकड्यांवरून बोलते आहे.

आता ‘घेताना तपासायला हवे होते’ याविषयी. पिशव्या चिकटपट्टीने बंद असतात. माल देणाऱ्या मुलाला ओटीपी दिल्याशिवाय तो पिशवी हातात देत नाही आणि ओटीपी दिला की ॲपवर ‘ऑर्डर स्वीकारली’ असे उमटते. म्हणजे तपासण्याची संधी मिळते ती स्वीकारल्यानंतरच. शिवाय त्याला पुढच्या घरी वेळेत पोहोचायचे असते. त्याला दारात उभा करून पालकाची जुडी सोडून बघणे कोणाला शोभेल? तो मुलगा वेळेवर आला, नीट बोलला. या तक्रारीचा ठपका त्याच्यावर ठेवून त्याचे पैसे कापू नयेत, हे मी स्पष्टपणे नोंदवते. पॅकिंग त्याने केलेले नाही.

कूपनाचे म्हणाल तर ते मला नको. एक तर ते पाच भाज्यांच्या किमतीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचे आहे. दुसरे, ते वापरायचे तर मला तुमच्याकडूनच पुन्हा खरेदी करावी लागेल, तीही ठरावीक रकमेच्या वर आणि या महिन्याच्या आत. पैसे माझ्या बँक खात्यातून गेले आहेत, ते तिथेच परत यायला हवेत. नुकसान माझे झाले असताना भरपाई कुठल्या स्वरूपात घ्यायची हे तुम्ही परस्पर कसे ठरवता? तुमच्याच धोरणाच्या पानावर ‘खराब माल आढळल्यास पूर्ण रक्कम ग्राहकाने भरणा केलेल्या माध्यमातून परत’ असे वाक्य आहे. त्याचाही स्क्रीनशॉट जोडला आहे.

बदली भाजीही पाठवू नये. शनिवारी घरी जेवायला माणसे होती, त्यामुळे मला लगेच दुसरीकडून भाजी आणावी लागली. त्या जादा खर्चाची मागणी मी करत नाही.

माझी मागणी अशी आहे. पालक, कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर आणि काकडी यांच्यापुढे बिलात छापलेली पूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, मूळ खात्यात जमा करावी. टोमॅटोंपैकी चार आणि पालकापैकी मूठभर पाने बरी निघाली म्हणून त्यांचे पैसे वजा करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. बुरशी आलेल्या फळांना चिकटून आलेली फळे मी घरच्यांना खायला घातलेली नाहीत. खात्यात टाकलेले कूपन काढून घ्यावे, म्हणजे पुढे ‘तुम्ही कूपन स्वीकारले होते’ असा वाद राहणार नाही. घरपोच सेवेचे शुल्क मी मागत नाही, कारण कांदे-बटाटे आणि बाकीचे किराणा सामान व्यवस्थित आले. आणि ‘निकाली’ दाखवलेली माझी तक्रार पुन्हा खुली करून या पत्राला तिच्याशी जोडावे.

टोमॅटो, काकडी आणि फ्लॉवर मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले आहेत. तुम्हाला माल प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मंगळवार, १७ जूनच्या संध्याकाळपर्यंत कोणाला तरी पाठवावे. त्यापुढे तो घरात ठेवणे शक्य नाही. पालक आणि कोथिंबीर फोटो काढून झाल्यावर टाकून द्यावी लागली, कारण वास सुटला होता. सर्व फोटो १४ जूनच्या सकाळी ८ वाजून ५० मिनिटे ते ९ वाजून ५ मिनिटे या वेळेतले आहेत. मूळ फाइली माझ्याकडे आहेत, त्यांवर वेळेची नोंद आहे. मागितल्यास जशाच्या तशा पाठवीन.

रविवार, २२ जूनपर्यंत रक्कम जमा व्हावी आणि तसे ईमेलवर लेखी कळवावे. चॅटवरचे ठरावीक साच्यातले उत्तर पुरेसे धरले जाणार नाही. त्या तारखेपर्यंत काही झाले नाही तर हेच पत्र, फोटो आणि चॅटची प्रत घेऊन मी आधी तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्याकडूनही दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार आयोगाकडे जाईन.

या पत्राची पोच द्यावी.

आपली,
सुनीता
(पत्ता, ईमेल व मोबाइल नंबर वरील ऑर्डरवर नोंदवल्याप्रमाणे)

सोबत :
फोटो १ : पालकाची पिशवी, लेबलावरील तारखेसह
फोटो २ : निवडलेला पालक काट्यावर, शेजारी कोथिंबिरीची जुडी
फोटो ३ : अकरा टोमॅटो एकत्र, बुरशी आलेले तीन पुढे
फोटो ४ व ५ : फ्लॉवरचा गड्डा, खरवडलेली जागा जवळून
फोटो ६ : काकड्या, एक मधोमध चिरून
फोटो ७ : बटाटे वर व टोमॅटो खाली असलेली कागदी पिशवी, रिकामी करण्याआधी
बिलाची प्रत, चॅटची प्रत, ॲपवरील पालकाच्या पानाचा व परतावा धोरणाचा स्क्रीनशॉट