सराव परीक्षेच्या निबंधाचा आराखडा: सरकारचा आधार, शास्त्राचा आधार

आदरणीय मॅडम,

येत्या रविवारी धरमपेठेतील आपल्या अभ्यासवर्गात होणाऱ्या एका तासाच्या सराव परीक्षेसाठी मी तिसरा प्रश्न निवडला आहे, आणि आपण सांगितल्याप्रमाणे त्याचा आराखडा पूर्ण वाक्यांत लिहून देत आहे. प्रश्न असा आहे: ‘एकोणिसाव्या शतकातील भारतीय धर्मसुधारणा चळवळी वसाहतवादी सरकारच्या आधाराने उभ्या राहिल्या. या विधानाचे परीक्षण करा.’

मागच्या सराव परीक्षेत माझी पंचवीस मिनिटे एकट्या बंगालवर गेली आणि महात्मा फुले यांच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी आल्या, त्याही अक्षर लागणार नाही अशा. त्या वेळी मी संस्थांची नावे आणि स्थापनेची वर्षे आठवतील तशी लिहीत गेले होते, प्रश्न काय विचारतो याकडे पुन्हा पाहिलेच नव्हते. घरी घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला साधारण अठरा शब्द होतात असे दिसले. म्हणून पहिली आठ मिनिटे विचार आणि कच्ची टिपणे, पुढची पंचेचाळीस मिनिटे लेखन आणि उरलेली सात मिनिटे वाचन अशी विभागणी ठरवली आहे. हातात आठशे शब्द येतील आणि सहा-सात परिच्छेदांपलीकडे काही बसणार नाही, हे धरूनच पुढचे सगळे योजले आहे.

प्रश्नातील ‘आधार’ या शब्दावर मी निबंध उभा करणार आहे. या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो: एक पाठबळ, आणि दुसरा प्रमाण, म्हणजे ‘याला शास्त्रात आधार आहे का’ असे विचारताना जो अभिप्रेत असतो तो. माझे म्हणणे असे आहे की सरकारने सुधारकांना पाठबळ फार थोडा काळ आणि फार हात राखून दिले. मात्र रूढीला शास्त्राचा आधार आहे की नाही हा प्रश्न कायद्याच्या दारात आणून ठेवण्याचे काम सरकारने नक्की केले, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे सुधारक आणि त्यांचे विरोधक याच प्रश्नाभोवती वाद घालत राहिले. ज्यांनी हा प्रश्नच नाकारला, त्यांची सुधारणा वेगळ्या वळणाने गेली. प्रस्तावनेत संस्थेचे एकही नाव न घालता एवढेच सांगेन, आणि त्यासाठी पाच मिनिटे ठेवली आहेत.

पहिला परिच्छेद सतीच्या कायद्याचा असेल. 1813 च्या परिपत्रकाने सरकारने सती बंद केली नाही. स्त्रीची संमती, तिचे वय, ती गरोदर आहे का, अशा अटी घालून शास्त्रसंमत सती आणि शास्त्रबाह्य सती असा भेद केला, आणि त्यासाठी न्यायालयातील पंडितांची मते घेतली. राममोहन रॉय यांनी म्हणूनच करुणेबरोबर मनुस्मृतीचाही दाखला दिला आणि विधवेसाठी ब्रह्मचर्याचे जीवन सांगितले आहे हे दाखवले. 4 डिसेंबर 1829 रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंकने सतरावा रेग्युलेशन काढला, त्याच्या प्रास्ताविकातही ही प्रथा हिंदूंच्या धर्माने अनिवार्य कर्तव्य म्हणून कोठेही सांगितलेली नाही असे म्हटले आहे. सती बंद करणारा कायदासुद्धा शास्त्राच्या आधारानेच बोलतो, ही गोष्ट मला या निबंधात सर्वांत महत्त्वाची वाटते. राधाकांत देव यांच्या धर्मसभेने 1830 मध्ये विरोध संघटित केला आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. ती 1832 मध्ये फेटाळली गेली. राममोहन यांच्या ब्राह्मो सभेचे 1828 हे वर्ष ओघात येईल, त्यावर स्वतंत्र वाक्य खर्च करणार नाही.

दुसरा परिच्छेद ईश्वरचंद्र विद्यासागर यांचा, आणि येथे मी एका श्लोकावर थोडी थांबणार आहे. पराशरस्मृतीतील ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’ या ओळीत पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी झाला, नपुंसक ठरला किंवा पतित झाला, तर अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. कलियुगासाठी पराशरांचेच वचन प्रमाण मानावे, हा विद्यासागरांचा युक्तिवाद होता. त्यांच्या अर्जावर हजाराहून कमी सह्या होत्या आणि विरोधी अर्जावर त्याच्या कित्येक पट, तरीही विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा 1856 चा पंधरावा कायदा झाला. सरकारचे पाठबळ म्हणायचे तर ते येथे दिसते. पण कायदा झाला म्हणून विवाह झाले नाहीत. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडित यांना पुनर्विवाहासाठी मंडळ काढावे लागले आणि 1870 मध्ये पुण्यात शास्त्रार्थाला उभे राहावे लागले, त्यातही ग्रंथाधाराचाच कस लागला. या दोन परिच्छेदांसाठी मिळून चौदा मिनिटे आहेत, आणि घड्याळात पंधरावे मिनिट दिसले की वाक्य जिथे असेल तिथे संपवायचे असे मी ठरवले आहे.

तिसऱ्या परिच्छेदात मी नागपूरचे उदाहरण घेणार आहे, आणि ते केवळ आपल्या गावाच्या प्रेमाने नव्हे. 1829 चा कायदा बंगालसाठी होता आणि त्यानंतर मुंबई व मद्रास इलाख्यांत तसे कायदे झाले. नागपुरात त्या वेळी इंग्रज रेसिडेंट असला तरी राज्य भोसल्यांचे होते, ते खालसा झाले 1854 मध्ये. स्टीफन हिस्लॉप मात्र त्याआधीच, 1845 मध्ये, मिशनरी म्हणून येथे आले होते. म्हणजे मिशनऱ्यांचे आव्हान येथे कंपनीच्या प्रत्यक्ष राज्याआधी पोहोचले. सरकार आणि मिशन या दोन गोष्टी विद्यार्थी बहुधा एकाच वाक्यात गुंडाळतात, मीही गुंडाळत होते. सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेजची पाटी रोज दिसते, पण त्या नावामागच्या वर्षाचा आणि 1854 चा क्रम मी कधी लावून पाहिला नव्हता. तो लावल्यावर प्रश्नातील ‘सरकारच्या आधाराने’ हे शब्द आपोआप सैल होतात. याला जोडून मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर 1857 मध्ये मिशनऱ्यांशी जाहीर वाद करणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी एका वाक्यात येतील. पाच मिनिटे.

चौथा परिच्छेद सरकारने हात आखडता घेतल्याचा आहे. 1 नोव्हेंबर 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मश्रद्धेत हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले गेले. त्यानंतरचा 1872 चा तिसरा कायदा, म्हणजे विवाहाचा कायदा, ब्राह्मोंच्या आग्रहामुळे झाला खरा, पण त्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा कोणत्याही प्रस्थापित धर्माचे नाही असे जाहीर करावे लागत असे. सुधारणा हवी असेल तर धर्माबाहेर उभे राहा, असाच त्याचा अर्थ झाला. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले. केशवचंद्र सेन यांनी 1878 मध्ये आपल्या मुलीचा विवाह त्या वयाआधी कूचबिहारच्या राजाशी लावला आणि समाज फुटून साधारण ब्राह्मो समाज निघाला. 1867 च्या प्रार्थना समाजाने स्वतंत्र पंथ न होता संतांच्या अभंगांचा आश्रय घेतला, हा फरक येथे शोभेल. सहा मिनिटे.

पाचव्या परिच्छेदाला मी सर्वांत अधिक, म्हणजे नऊ मिनिटे देणार आहे, कारण माझा युक्तिवाद येथे खरा ठरतो किंवा पडतो. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. फुले यांनी शास्त्रात आधार आहे का हे विचारलेच नाही, ते शास्त्र कोणी आणि कोणाच्या हितासाठी रचले हे विचारले. भटाशिवाय लावलेले विवाह ही त्या प्रश्नाची कृती होती. त्यांनी सरकारकडे मागणे केलेच नाही असे लिहिणे मात्र चुकीचे ठरेल. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी स्पष्ट तक्रार त्यांनी केली. त्यांना सरकारचा आधार हवा होता तो शाळेसाठी, धर्मनिर्णयासाठी नव्हे. त्याच 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ आली, आणि विदर्भातील या बाईंना माझ्या निबंधात दोन पूर्ण वाक्ये मिळतीलच.

सहाव्या परिच्छेदात आर्य समाज आणि 1891 चा वाद एकत्र येतील. 10 एप्रिल 1875 रोजी मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजाने पुराणे टाकून वेद हेच एकमेव प्रमाण मानले, आणि 1877 नंतर लाहोरातून त्याचा विस्तार झाला तो कायद्याच्या मदतीने नव्हे, शाळा आणि प्रचार यांच्या बळावर. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्रातूनच त्याचे समर्थन केले. टिळकांनी गर्भाधानाच्या शास्त्रविधीचा मुद्दा लढवलाच, शिवाय परक्या सरकारला आमच्या चालीरीतींवर कायदे करण्याचा अधिकार नाही असाही पवित्रा घेतला. 1829 मध्ये प्रश्न होता शास्त्र काय सांगते. 1891 मध्ये त्याच्या बरोबरीने सांगणारा कोण, हा प्रश्न उभा राहिला. उरलेली सहा मिनिटे याची, आणि समारोप यातूनच दोन-तीन वाक्यांत निघेल, त्यासाठी वेगळी जागा ठेवलेली नाही.

मॅडम, काही गोष्टी मी जाणूनबुजून वगळल्या आहेत आणि त्याबद्दल आपले मत हवे आहे. रामकृष्ण मिशनची 1897 ची स्थापना वरच्या धाग्यात बसत नाही. अलीगढ, देवबंद आणि अमृतसरची सिंग सभा यांना एकेका वाक्यात उरकणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या सुधारणा ज्या समाजांत घडल्या त्यांचे प्रश्न वेगळे होते. परंतु प्रश्नात ‘भारतीय’ हा शब्द आहे, आणि परीक्षक तेवढ्यावर गुण कापतील अशी भीतीही वाटते. आपण होकार दिलात तर आर्य समाजाची वाक्ये कमी करून 1866 च्या देवबंदला तेथे घेईन: सरकारी मदत न घेता लोकवर्गणीवर चाललेला तो मदरसा ‘आधार’ या शब्दाला थेट उत्तर देतो. शनिवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मला पाच मिनिटे द्याल का?

आपली विद्यार्थिनी