तुझ्या वहीतल्या ट्रुथ टेबलची चौथी ओळ

फोटो नीट दिसला. चार नँड गेट वापरून एक्सऑर करायचा प्रयोग आहे. आकृती बरोबर आहे, पण टेबलचं उत्तर वरून खाली वाचलं तर ०, १, १, १ येतंय, म्हणजे ऑर गेट. चूक एकाच चौकटीत आहे: शेवटच्या ओळीतल्या P मध्ये. बाकीचं तिथूनच बिघडत गेलंय.

त्याआधी एक गोष्ट. पहिल्या गेटच्या आउटपुटवर तू P लिहून वर AB वर बार काढलाय, तो फोटोत मधे तुटलेला दिसतो. वहीतही तसाच असेल तर सलग कर. AB वर एकच लांब बार असेल तर तो नँड: 1, 1, 1, 0. A वर वेगळा आणि B वर वेगळा असेल तर ते नॉर होतं: 1, 0, 0, 0. पेपर तपासणारा जे दिसतं तेच वाचतो. टाइप करताना मी बारच्या जागी ' वापरतोय.

आता टेबल. तू A, B, P आणि एकदम Y लिहिलंस. Q आणि R मनात काढलेस, म्हणून चूक सापडत नाहीये. प्रत्येक गेटला एक कॉलम दे:

```
P = (AB)'   Q = (AP)'   R = (BP)'   Y = (QR)'

A  B | P  Q  R | Y
0  0 | 1  1  1 | 0
0  1 | 1  1  0 | 1
1  0 | 1  0  1 | 1
1  1 | 0  1  1 | 0
```

आडवं नको, उभं भर. आधी P चा पूर्ण कॉलम संपव. नँडसाठी एवढंच बघायचं: इनपुटमध्ये कुठेही शून्य आहे? मग आउटपुट १. सगळे एक असतील तरच ०. वरच्या तीन ओळींत तू हेच केलंस. चौथीत मात्र १ गुणिले १ बरोबर १ लिहून थांबलास, गेटच्या टोकाचा बबल राहिला. P मध्ये १ गेला की Q शून्य, R शून्य आणि Y एक.

Q काढताना A आणि P हे दोनच कॉलम बघ. B कडे नजर गेली की घोळ होतो, कारण तो शेजारीच असतो. पानाची एक पट्टी कापून B झाकून ठेव, सवय लागेपर्यंत.

समीकरणाने ताळा:

```
Y = (QR)' = Q' + R' = AP + BP
  = (A + B)(A' + B')
  = A'B + AB'
```

मार्जिनमध्ये तू लिहिलंयस की किटवरही शेवटच्या ओळीला एलईडी लागला, म्हणून टेबल बरोबर. हे इथे फार महत्त्वाचं आहे, कारण किटवर तसं होऊ शकतं. ७४एलएस००ची जोडणी अशी हवी: A पिन १ आणि ४ ला, B पिन २ आणि १० ला, पिन ३ मधून P निघून ५ आणि ९ ला, पिन ६ ते १२, पिन ८ ते १३, आणि Y पिन ११ वर. १४ ला +५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड.

टीटीएलमध्ये मोकळी सुटलेली इनपुट पिन आत १ असल्यासारखी वागते. ३ ते ५ ची वायर सैल असेल तर दुसऱ्या गेटला P कायम १ च दिसतो. मग A=1, B=1 ला Q शून्य होतो आणि Y एक. दोन्ही वायर सुटायची गरज नाही, ५ किंवा ९ यांतली एक निघाली तरी पुरते. पहिल्या तीन ओळींत P खरोखरच १ असतो, त्यामुळे तिथे काहीच कळत नाही. हा दोष फक्त चौथ्या ओळीत दिसतो.

तपासायचं असं. A आणि B दोन्ही १ वर ठेव, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब पिन ७ वर. पिन ३ वर ०.४ व्होल्ट किंवा कमी आलं पाहिजे. मग तेच ५ आणि ९ वर मोज, आयसीच्या पायावर प्रोब टेकवून. ब्रेडबोर्डच्या भोकातल्या वायरवर नको, कारण पाय वाकून बाहेर राहिला असेल तर वायरवर बरोबर वाचन येतं. पायावर एक ते दीड व्होल्ट दिसलं, म्हणजे ०.८ च्या खालीही नाही आणि २ च्या वरही नाही, तर ती पिन मोकळी आहे. पिन ३ वरच २.४ च्या पुढे आलं तर पिन १ किंवा २ वर १ च्या जागी ० येतोय, किंवा ते गेट गेलंय.

आयसीवरचा नंबरही वाच. ७४०२ असेल तर पिन १ आउटपुट असते, मग वरची जोडणी चालणारच नाही.

वहीत जुनी चौथी ओळ एका रेघेने खोड, खाली सहा कॉलमचं टेबल काढ आणि किटवरचं वाचन त्याच्या शेजारी वेगळ्या कॉलममध्ये लिही. ५ आणि ९ वरचे व्होल्ट मला कळव.